मागच्या दारानं गेलेली आई

जूनमधला एक मंगळवार. पाऊस नुकताच थांबला होता आणि बालवाडीच्या व्हरांड्यात खुंट्यांवर टांगलेले छोटे छोटे रेनकोट ठिबकत होते. पत्र्याच्या शेडखाली वाळूचा हौद आहे. त्याच्या कडेला पावणेतीन वर्षांची एक मुलगी फतकल मारून बसली होती. तिचं खरं नाव इथे देत नाही. घरी सगळे तिला पिल्लू म्हणतात, आपणही तेच म्हणू. शेजारी आई उकिडवी बसलेली. पिल्लू वाटीत ओली वाळू दाबायची, वाटी पालथी घालायची आणि म्हणायची, "आई, इडली." आई म्हणायची, "वा! आणि चटणी कुठाय?"

तिसऱ्या इडलीला दारात उभ्या असलेल्या आजींनी सुनेला डोळ्यांनी खुणावलं. रमलीय, नीघ आता. आईनं घड्याळाकडे पाहिलं, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या बाजूच्या मागच्या दारानं ती निघून गेली.

चौथी इडली पडली. "आई, इडली." उत्तर आलं नाही तशी पिल्लूनं मान वळवली. ती लगेच रडली नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आधी तिनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग हौदाच्या पलीकडे. मग बाकाखाली वाकून पाहिलं. आई बाकाखाली मावत नाही हे तिलाही ठाऊक असणार, पण पाहिलं. मग दाराकडे. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं त्यानं आतल्या वर्गातली आणखी चार मुलं रडू लागली. एक मावशी धावत आली आणि तिला कडेवर घेऊन म्हणाली, "आई दूध आणायला गेलीय हं, आत्ता येईल." आई बँकेत गेली होती आणि संध्याकाळी सहाला घरी यायची होती.

मी हे नाक मुरडून सांगत नाहीये. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मीही असंच केलं होतं. त्याला खिडकीतली चिमणी दाखवली आणि सटकले. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचं रडणं ऐकू आलं नाही, तेव्हा वाटलं, जमलं! पुढचे दोन महिने तो कुठल्याही खिडकीकडे तोंड करून बसायला तयार नव्हता, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध मला फार उशिरा लागला. या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका बालवाडीत तीन आठवडे जाऊन बसले त्याचं कारण थोडंसं हेच. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई जुन्या ओळखीच्या. त्यांनी दोन अटी घातल्या: कुणाचं नाव छापायचं नाही, आणि नुसतं बघत बसायचं नाही, बुटांचे बंद बांधायचे. त्या तीन आठवड्यांत मी किती बंद बांधले याची गणती नाही.

मोठ्या बाईंची पद्धत साधी आहे. चोवीस मुलं एका दिवशी घ्यायची नाहीत. सहा-सहाचे चार गट करायचे आणि प्रत्येक गट बुधवारी सुरू करायचा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार घरचं एक माणूस मुलाबरोबर आत बसतं. रोज तेच माणूस आणि फक्त दीड तास. सोमवारीही ते आतच असतं, कारण दोन दिवस घरी राहून आलेलं मूल सोमवारी पुन्हा नवखं झालेलं असतं. पहिलं टाटा मंगळवारी, तेही दहा मिनिटांचं. पिल्लूचं पहिलं टाटा त्या मंगळवारी होतं. आईनं तिच्यासमोर उभं राहून "मी बाहेर बाकावर बसते, गोष्ट संपली की येते" असं सांगायचं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचं, असं ठरलं होतं. पण आईची रजा संपली होती, पोर छान खेळत होती आणि आजींना वाटलं, कशाला उगाच सांगून रडवायचं?

हा विचार आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो प्रेमातूनच येतो. सांगून गेलं की मूल समोर रडतं; न सांगता गेलं की ते रडणं आपल्याला पाहावं लागत नाही. मुलाच्या बाजूनं हिशेब उलटा पडतो. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून मुलाला आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक लख्ख कळू लागतो. दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे हेही कळू लागतं, पण ती केव्हा परत येईल हे समजायला लागणारी काळाची जाण अजून आलेली नसते. म्हणून एक-दीड वर्षाच्या आसपास हा जीव सर्वांत जास्त अडकतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत, भाषा आली, "जेवण झाल्यावर", "झोपून उठल्यावर" असे शब्द हाताशी आले की हळूहळू सैल होतो. सांगून गेलेल्या आईचं जाणं मुलाला दिसतं, म्हणून तिचं येणंही त्याला जुळवता येतं. न सांगता गेलेली आई मात्र कोणत्याही क्षणी नाहीशी होऊ शकते. मग पाठ फिरवणंच धोक्याचं ठरतं. पिल्लूच्या हिशेबानं आई इडली करताना गेली, म्हणजे इडली करायला बसणंच चूक होतं.

बुधवारी ती हौदाकडे फिरकलीही नाही. आईच्या ओढणीचं टोक तिनं मनगटाभोवती दोनदा गुंडाळून घेतलं होतं. घरी आईला न्हाणीघराचं दार लावता येईना. रात्री दोन-तीनदा उठून ती आईचा चेहरा चाचपायची. चार-पाच महिन्यांपूर्वी सुटलेली अंथरुणातली शू पुन्हा सुरू झाली. आईनं हे सगळं मोठ्या बाईंना सांगितलं ते आधी तक्रारीच्या सुरात: "शाळेचा हिला त्रास होतोय." बाई म्हणाल्या, "शाळा तर तिनं अजून पाहिलीच नाही. तिचं सगळं लक्ष तुमच्यावर आहे."

*

मुलं आईवाचून काय करतात हे पहिल्यांदा चिकाटीनं बघितलं ते एका बॉयलर पेटवणाऱ्या माणसानं. जेम्स रॉबर्टसन हा स्कॉटिश तरुण १९४१ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या एका बालगृहात बॉयलरच्या कामाला लागला. युद्धामुळे घर तुटलेली मुलं तिथे होती आणि बालगृह चालवत होत्या मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड. त्यांचा नियम असा की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकानं, शिकलेला असो वा नसो, मुलं काय करतात ते कार्डांवर टिपून ठेवायचं. रॉबर्टसन तिथे पाहायला शिकला. त्याच बालगृहात आणखी एक गोष्ट घडली, जी आपल्या पुढच्या गोष्टीला लागेल. आधी सगळ्या मुलांना सगळ्या बायका सांभाळत. मुलं शांत होती, पण बोलणं आणि शू-शीच्या सवयी मागे पडत होत्या. मग प्रत्येक बाईला ठरावीक चार-पाच मुलं वाटून दिली. झालं काय, तर मुलं आपापल्या बाईवर हक्क सांगू लागली, ती बाहेर गेली की रडू लागली, एकमेकांशी भांडू लागली. बालगृहातला गोंगाट वाढला, आणि त्याबरोबर मागे पडलेली वाढही पुढे सरकू लागली.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करताना रॉबर्टसननं एक चित्रफीत केली. १९५२ साली ती लंडनच्या डॉक्टरांना दाखवली गेली. लॉरा नावाची २ वर्षं ५ महिन्यांची मुलगी बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच गोष्ट. त्या काळी तिथल्या बहुतेक रुग्णालयांत आईबापांना मुलाला भेटायची वेळ फार थोडी मिळे. कारण डॉक्टर-परिचारिकांचा अनुभव असा, की आई येऊन गेली की मूल रडतं, नाही आली की शांत राहतं. मग न आलेलीच बरी. वेचून वेचून रडण्याचे प्रसंग घेतले असा आरोप होऊ नये म्हणून रॉबर्टसननं रोज ठरलेल्या वेळी चित्रण केलं. गंमत म्हणजे लॉरा फारशी रडतच नाही. ती सोसून घेते, मधूनच आई कुठे आहे म्हणून हळू आवाजात विचारते आणि आपलं टेडी घट्ट धरून बसते. आठव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा ती सगळं सामान गोळा करते, आणि बाहेर पडताना आईचा हात मात्र धरत नाही. डॉक्टर मंडळी ही चित्रफीत पाहून चिडली होती. १९५९ मध्ये मात्र रुग्णालयातल्या मुलांसाठी नेमलेल्या प्लॅट समितीच्या अहवालानं आईबापांना मुलाजवळ मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली.

रॉबर्टसनला मुलांच्या वागण्यात तीन पायऱ्या दिसल्या होत्या: आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या पायरीवरचं मूल खातं-पितं, कुणाकडेही जातं, रडत नाही. त्यालाच आपण "रुळलं" म्हणतो.

लॉराचं वय मी मुद्दाम सांगितलं. महाराष्ट्रात नर्सरीत घ्यायचं तर ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. शाळा भरते जूनच्या मध्याला. म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेलं मूल पहिल्या दिवशी फाटकातून आत येतं तेव्हा बरोबर लॉराएवढं असतं. त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेलं मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचं असतं. त्या वयात हा एक वर्षाचा फरक म्हणजे केवढा! एक "डबा खाल्ल्यावर आई येणार" हे समजू शकतं, दुसऱ्याला अजून "उद्या" आणि "काल" सारखेच. शाळा मात्र दोघांना एकच तारीख देते.

*

मोठ्या बाईंची पद्धत त्यांनी स्वतः शोधली असं त्या म्हणत नाहीत. तिचा सांगाडा बर्लिनमधला आहे. १९८० च्या दशकात तिथल्या लाएवेन आणि आंद्रेस या अभ्यासकांनी पाळणाघरांसाठी तो बसवला आणि जर्मनीत पुष्कळ ठिकाणी आजही तसंच चालतं. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा कोपऱ्यात बसतात, मुलाशी खेळत नाहीत आणि त्याला "जा की, खेळ की" म्हणून ढकलतही नाहीत. मूल जातं, येऊन गुडघ्याला हात लावतं, पुन्हा जातं. त्या येण्याजाण्यात बाई त्याच्याशी हळूहळू ओळख करते. चौथ्या दिवशी पहिलं टाटा, जास्तीत जास्त अर्धा तास. चौथा दिवस सोमवारी आला तर मंगळवारी. मूल रडलं तर बिघडलं असं नाही. बघायचं ते एकच: बाईनं जवळ घेतल्यावर ते निवतं का. काही मिनिटांत निवलं नाही तर आईला परत बोलवायचं आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी.

यानं सगळं गोड होतं असं मात्र नाही. बर्लिनमध्येच लिझेलोट्टे आहनर्ट यांनी पाळणाघरात नव्यानं आलेल्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. २००४ साली ते छापून आलं. आई सोबत होती तोवर, ज्यांचं तिच्याशी नातं भक्कम त्या मुलांचं कॉर्टिसॉल कमी राहिलं. आई जाऊ लागली तसं मात्र सगळ्यांचंच चढलं, नातं भक्कम असलेल्यांचंही. म्हणजे घरी प्रेम मिळालेलं मूल रडणार नाही, हा समज सोडून द्यायला हवा. "आमची अजिबात रडली नाही" हे व्हॉट्सॲपवर मिरवणाऱ्या आयांना मला हे फार सांगावंसं वाटतं.

पिल्लूचं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आईला रजा नव्हती, तेव्हा बाईंनी तोड काढली: सोडायला आईनंच यायचं, थांबायला आजींनी. ज्यांनी डोळ्यांनी खूण केली होती त्याच आजी आता कोपऱ्यात चटईवर, गुडघे दुखत असूनही. आईनं फाटकाशी सांगायचं, "मी बँकेत चालले. आजी आत आहे. संध्याकाळी दिवा लावताना मी घरी." खरं तेवढंच. दूध नाही, बाजार नाही, "आत्ता येते" नाही. आणि फाटकाची कडी पिल्लूनं लावायची. ही कडीची युक्ती बाईंची स्वतःची. आई निघून जाते त्यापेक्षा आपण आईला बाहेर काढून कडी लावली, हे लहान मुलाला कितीतरी सोसतं. पहिल्या दिवशी पिल्लूनं कडी लावली, लगेच काढली, आईला आत ओढलं, पुन्हा बाहेर ढकललं. असं पाच वेळा. बँकेत उशीर झाला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी रडत रडत एकदाच.

आठवडाभरानं आजींची पाळी आली. आधी दहा मिनिटं व्हरांड्यात, मग वीस मिनिटं समोरच्या वाण्याकडे. परत येण्याची खूण घड्याळाची नाही, मुलांच्या दिवसातली: डबा खाऊन झाला, हात धुतले, गोष्ट झाली की आजी. पहिल्याच दिवशी आजींना वाण्याकडे कुणी ओळखीच्या भेटल्या आणि गोष्ट संपून पाच मिनिटं झाली तरी त्या आल्या नाहीत. पिल्लू दाराशी जाऊन उभी. मोठ्या बाईंचा चढलेला आवाज मी तीन आठवड्यांत तेवढाच ऐकला. त्यानंतर आजी गोष्ट संपायच्या आधीच दारात असत.

अठराव्या दिवशी पिल्लू फाटकाशी चार मिनिटं रडली आणि मग वर्गातल्या ताईंचा हात धरून आत गेली. मी घड्याळ लावून बघत होते. पण बाईंनी ते मिनिटांचं गणित मोडीत काढलं. त्यांचा सवाल वेगळा असतो: रडताना ती कुणाकडे गेली? डबा खाल्ला का? शू लागली तर सांगितली का? पिल्लूनं अर्धी पोळी खाल्ली होती आणि "ताई, शू" म्हणाली होती. घरी गेल्यावर तिनं आईला लाथा मारल्या, जेवण फेकलं. आई काकुळतीला आली होती. बाई म्हणाल्या, "दिवसभर इथे धरून ठेवलेलं ती तुमच्याजवळ सोडते. आमच्याजवळ सोडायला अजून वेळ आहे."

*

पिल्लूच्या गटात एक मुलगा होता. तीन वर्षं एक महिना. पहिल्या टाटापासून रडला नाही. आईबरोबर आला, आई "येऊ का?" म्हणाली, त्यानं मान हलवली. इतर आया हेव्यानं बघत होत्या. मीही पहिले दोन दिवस त्याच्याकडे पाहिलंच नाही, रडणाऱ्यांचे बंद बांधण्यात गुंतलेली. तिसऱ्या दिवशी एका ताईनं कोपरानं ढोसून दाखवलं: त्यानं दप्तर काढलंच नव्हतं. खांद्याला दप्तर, पायात बूट, भिंतीला टेकून, तोंड दाराकडे. कुणी चेंडू दिला तर घ्यायचा आणि हातात धरून ठेवायचा. डबा उघडायचा, झाकण लावायचा. आत असेपर्यंत शू नाही. न्यायला आई आली की इतर मुलं झेपावत. हा तिच्या बाजूनं निघून जाऊन तिच्या मागे उभा राही.

मोठ्या बाईंनी आईला बसवून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "मे महिन्यात काय झालं?" तेव्हा कळलं. मे महिन्यात आईचं दुसरं बाळंतपण झालं. सिझेरियन, नंतर थोडा ताप, म्हणून मुलगा अठरा दिवस साताऱ्याला आत्याकडे होता. आत्या जीव लावणारी. पण आत्याचं घर त्यानं आधी एकदाच, मुंजीच्या गर्दीत पाहिलेलं. जाताना त्याला "आई बाजारात गेलीय" म्हणून सांगितलं होतं. पहिले चार दिवस तो दाराशी बसून रडला. कुणी म्हणालं, रडलास तर आई येणार नाही हं. मग रडायचा थांबला. आत्या फोनवर म्हणाली, "अगदी शहाण्यासारखा राहतोय गं." अठराव्या दिवशी घरी आला तेव्हा आईच्या मांडीवर बाळ होतं. तो सरळ बाबांकडे गेला. घरातले सगळे हसले: "विसरला की गं तुला!" आणि तीन आठवड्यांनी शाळा.

हे ऐकताना मला रॉबर्टसनचीच दुसरी चित्रफीत आठवत होती. सतरा महिन्यांचा जॉन, आई दुसऱ्या बाळंतपणाला, म्हणून नऊ दिवस एका बालगृहात. परिचारिका चांगल्या, पण पाळीपाळीनं बदलणाऱ्या. तो एकीकडे जाई, तिची पाळी संपे. शेवटी तो मोठ्या टेडीला बिलगून बसू लागला. नवव्या दिवशी आई आली तेव्हा तो किंचाळून तिच्यापासून सुटू पाहत होता. तो आईला विसरला नव्हता. विसरलेल्या माणसावर कुणी असं रागावत नाही.

त्याच सुमारास जेम्स आणि त्याची बायको जॉइस यांनी अशाच परिस्थितीतली चार मुलं स्वतःच्या घरी सांभाळून पाहिली. त्यातली केट लॉराएवढीच, आणि तिच्या आईचं बाळंतपण लांबल्यानं ती सत्तावीस दिवस राहिली. आत्याकडे किंवा मावशीकडे मूल ठेवायचं असेल तर जॉइसनं काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यात काहीच महागडं नाही. मूल राहायला यायच्या आधी दोन्ही घरांत येणं-जाणं झालं. काय खातं, शूला काय म्हणतं, झोपताना काय लागतं, रडलं तर आई काय करते, हे विचारून घेतलं. अंथरूण-पांघरूण, खेळणी आणि आईचा फोटो घरून आणला. बाबा भेटायला येत. आणि आईबद्दल रोज बोलणं, तिचं नाव काढलं की मूल रडेल याची भीती न धरता. मुलं दुःखी झाली, रागावली, पण जॉनसारखी कोलमडली नाहीत आणि घरी गेल्यावर आईकडे गेली.

आपल्याकडे यात एक भर घालावीशी वाटते: मुलाची गोधडी आत्याकडे पाठवण्याआधी धुऊ नये. स्वच्छतेच्या नादात घरचा वास जातो. व्हिडिओ कॉलबद्दल मला आया नेहमी विचारतात. दिवसा, जेवणाच्या आधी, थोडा वेळ केलेला बरा. झोपायच्या तोंडावर केला की चेहरा दिसतो, कुशी मिळत नाही, आणि रात्र आत्याच्या वाट्याला येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आत्याकडे एक रात्र राहायचं असतं आणि अकरा वाजता "मला घरी सोडा" सुरू होतं, तेव्हा मात्र खुशाल सोडून यावं. पुढच्या वेळी ते दोन रात्री राहतं.

रडणं किती काळ चालावं? नवीन शाळेत दोन-तीन आठवडे, ताप येऊन गेल्यावर किंवा गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा तीन-चार दिवस, हे नेहमीचं. वयाच्या मानानं फार जास्त, चार आठवड्यांहून अधिक, रोज सकाळी पोटदुखी-उलटी, आईला काहीतरी होईल अशी स्वप्नं, घरातही एकटं न राहणं, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. तिथेही उपचाराचा गाभा औषध नसतो. लहान लहान पायऱ्यांनी दूर होणं आणि आईबापांनी स्वतःची घालमेल आवरणं, हाच असतो.

मुलाला घरापासून तोडण्याऐवजी शाळाच घराजवळ न्यायची कल्पना आपल्या मातीत आधीच आली होती, याची आठवण मोठ्या बाईंनी करून दिली. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गोरगरिबांची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे १९७५ मध्ये सरकारी योजनेनं तो घेतला. ताराबाईंपुढचा प्रश्न दारिद्र्याचा होता, रडण्याचा नव्हता. पण मूल खेळता खेळता मान वर करेल तर घराचं दार दिसेल अशी शाळा त्यातून झाली. आमच्या शहरी बालवाडीला उंच भिंत आहे, आणि सुरक्षेसाठी ती लागतेच.

*

दप्तर न काढणाऱ्या त्या मुलाची वेळ बाईंनी एका तासावर आणली. बाळाला आजीकडे ठेवून आईनं आत बसायचं. मुख्य म्हणजे एक ताई त्याच्या नावानं लावून दिली: त्याला घेणारी तीच, हात धुवून देणारी तीच, निरोप देणारी तीच. दप्तर काढायला कुणी सांगायचं नाही. ताई त्याच्याजवळ बसून इतरांचे चेंडू फेकायची. कधी कधी त्याच्या हातात आपला रुमाल ठेवायची. पाचव्या दिवशी त्यानं डब्यातला एक शंकरपाळा खाल्ला. आईला तो घरी म्हणाला, "तू बाजारात गेली होतीस." आईनं तेव्हाच, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, खरं सांगितलं: बाजारात नाही रे, दवाखान्यात होते. तुला सांगायला हवं होतं. तो काही बोलला नाही.

माझा बालवाडीतला शेवटून दुसरा दिवस. ताईला फोन आला आणि ती व्हरांड्यात गेली. जाताना "आले हं फोन घेऊन" म्हणाली, पण घाईत. तो भिंतीशी होता. त्यानं दाराकडे पाहिलं, दोन पावलं चालला आणि एकदम रडू लागला. मोठ्यानं, हुंदके देत, नाक-डोळे एक करून. कोपऱ्यात बसलेली त्याची आई घाबरून उठायला लागली. मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडला एकदाचा!"

ताई फोन तसाच ठेवून आली. तो दप्तरासकट तिच्या मांडीत शिरला. बऱ्याच वेळानं, तो मुसमुसत असताना, तिनं दप्तराचा एक पट्टा हळूच खांद्यावरून सोडवला. दुसऱ्यातून त्यानं स्वतःच हात काढून घेतला.